सभासद होण्यापूर्वी



धंद्याने मी हिशेबतपासनीस. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील छोट्या कारखानदारांच्या वह्या तपासण्यात माझा बहुतेक काळ जातो. मार्च महिना उजाडला की या वह्यांत एक नोंद हटकून सापडते : अमुक संस्थेची वर्गणी, इतके रुपये. ही वर्गणी कशाबद्दल दिली असे विचारले, तर निम्मे गृहस्थ म्हणतात, “सर्वजण देतात म्हणून दिली”; आणि उरलेले म्हणतात, “काही उपयोग होईल असे वाटले होते, पण झाला नाही.” उपयोग का झाला नाही याचा शोध घेतला, की बहुधा दोष संस्थेचाही नसतो व कारखानदाराचाही नसतो. सभासद होण्यापूर्वी जे विचारावयास हवे होते ते विचारलेलेच नसते, इतकाच त्याचा अर्थ. तेव्हा काय विचारावे व कसे विचारावे, एवढ्याच विषयावर आज चार शब्द बोलण्याचा माझा विचार आहे.

आपल्या भागात कारखानदारी जुनी आहे. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, आणि कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे घरोघर पोहोचला. त्या वेळी कारखानदाराला रस्ता, पाणी, रेल्वेचा डबा, सरकारदरबारची परवानगी या सर्वांसाठी स्वतःच हेलपाटे घालावे लागत. व्यापारी व कारखानदार यांनी मिळून गाऱ्हाणे मांडावे ही कल्पना महाराष्ट्रात रुजली ती पुढच्या काळात. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ साली मुंबईस महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स निघाली, आणि १९३४ साली पुण्यास मराठा चेंबर स्थापन झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले. गावोगाव औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, आणि त्या त्या वसाहतीतील कारखानदारांच्या स्वतंत्र संस्था निघाल्या. साताऱ्यास ‘मास’ या नावाने ओळखली जाणारी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन आहे, कुपवाडास कृष्णा व्हॅली चेंबर आहे, आणि सांगलीच्या बाजारपेठेत सांगली चेंबर ऑफ कॉमर्स आहे.

ही नावे सांगण्याचे कारण असे की, या सर्व संस्था एकाच जातीच्या नव्हेत. वसाहतीची संस्था पाणी, रस्ते, वीज, सांडपाणी हे प्रश्न पाहते. बाजारपेठेची संस्था व्यापाऱ्यांचे पाहते. प्रांताची किंवा पुण्यामुंबईची चेंबर सरकारी धोरण, परदेशी व्यापार, प्रमाणपत्रे यांत लक्ष घालते. छोट्या कारखानदाराने “आपल्या सभासदत्वाचे फायदे काय?” असा मोघम प्रश्न कोणत्याही संस्थेला विचारला, तर उत्तरही मोघमच येणार. एक रंगीत पत्रक हाती पडते. त्यात व्याख्याने, स्नेहसंमेलन, मासिक, मार्गदर्शन असे दहा शब्द असतात, आणि त्यांतला आपल्या कामाचा शब्द कोणता हे काही केल्या उमगत नाही. म्हणून पहिला नियम असा, की फायदा विचारण्यापूर्वी आपली गरज एका वाक्यात लिहून काढावी.

याचे एक उदाहरण देतो. सांगलीचे एक गृहस्थ हळद दळून तिची पूड पुड्यांत भरून विकतात. कामास सहा माणसे. तीन वर्षांपूर्वी त्यांना दुबईच्या एका व्यापाऱ्याची मागणी आली. त्याने पत्रात लिहिले की, मालाबरोबर मूळ देशाचे प्रमाणपत्र पाठवावे. म्हणजे हा माल हिंदुस्थानात तयार झाला असा दाखला. कोणीतरी सांगितले की असा दाखला चेंबरकडून मिळतो. आमच्या गृहस्थांनी घाईघाईने एका संस्थेत प्रवेशशुल्क व वर्षाची वर्गणी भरली, आठवड्याने सभासद झाले, दाखला मिळवला आणि तो दुबईस रवाना केला. उलट टपाली निरोप आला की, हा दाखला नको होता! करारान्वये जकातीत सूट मिळते तो दाखला हवा होता.

येथे गोम अशी आहे की, मूळ देशाचे प्रमाणपत्र दोन प्रकारचे असते. पहिले साधे : माल अमुक देशाचा आहे, एवढेच ते सांगते, त्याने जकात कमी होत नाही. हे देण्याचा अधिकार केंद्र सरकारने अनेक चेंबरांना व व्यापारी संस्थांना दिलेला आहे; पुण्याची मराठा चेंबर त्यांपैकीच एक. दुसरे सवलतीचे : दोन देशांमध्ये व्यापारी करार झालेला असतो, त्याच्या नियमांत माल बसतो असे ते सांगते, व त्यावर परदेशात जकातीची सूट मिळते. संयुक्त अरब अमिरातीशी आपला असा करार १ मे २०२२ पासून अमलात आला आहे. हे दुसरे प्रमाणपत्र सामान्यतः चेंबर देत नाही. ते सरकारने नेमलेल्या यंत्रणा देतात, आणि निर्यात तपासणी परिषद ही त्यांतील प्रमुख. दोन्हींचे अर्ज आता परदेश व्यापार महासंचालनालयाच्या संगणकीय व्यवस्थेतूनच करावे लागतात, आणि साध्या प्रमाणपत्राच्या बाबतीत हे १ जानेवारी २०२५ पासून सक्तीचे झाले आहे.

याहून मोठा घोटाळा आणखी एका शब्दाने होतो. निर्यातदाराला नोंदणी-नि-सभासदत्वाचा एक दाखला घ्यावा लागतो. यात ‘सभासदत्व’ हा शब्द असल्यामुळे चेंबरचे सभासद झालो म्हणजे तो मिळाला, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः तो दाखला निर्यात प्रोत्साहन परिषदा व वस्तुवार मंडळे देतात. हळदीसारख्या मसाल्याच्या निर्यातदाराने मसाला मंडळाकडे जावयाचे, आणि यंत्रसामान बनविणाऱ्याने अभियांत्रिकी मालाच्या परिषदेकडे. चेंबरचा सभासद असणे किंवा नसणे याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आमच्या हळदवाल्या गृहस्थांनी पैसे भरण्यापूर्वी एकच वाक्य लिहून विचारले असते, की “दुबईस हळदपूड पाठविताना जकातीची सूट मिळण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आपण देता काय?”, तर कार्यालयातील कारकुनानेच ‘नाही’ म्हणून सांगितले असते, आणि पंधरा दिवस वाचले असते.

आता शुल्काकडे वळू. शुल्क विचारताना “वर्गणी किती?” एवढेच विचारू नये. पहिल्या वर्षी एकूण किती द्यावे लागतील, दुसऱ्या वर्षी किती, आणि संस्थेचे वर्ष कोणत्या महिन्यापासून मोजतात, असे तीन प्रश्न विचारावेत. हिशेब समजावा म्हणून आकडे आपण मनानेच धरू. समजा, प्रवेशशुल्क एकदाच ३,००० रुपये व वार्षिक वर्गणी ५,००० रुपये. मिळून ८,००० झाले. यावर वस्तू व सेवा कर १८ टक्के, म्हणजे १,४४० रुपये. तेव्हा पहिल्या वर्षी हातचे ९,४४० रुपये जातात. दुसऱ्या वर्षी ५,००० व त्यावर ९०० मिळून ५,९०० रुपये. ज्याची करनोंदणी नेहमीच्या पद्धतीची आहे त्याला भरलेल्या कराची वजावट आपल्या करातून घेता येते, म्हणून त्याचा खरा खर्च कर वगळूनच धरावा. परंतु जो छोटा कारखानदार कंपोझिशन योजनेत आहे त्याला ही वजावट नाही. त्याने कर धरूनच खर्च मोजावा. संस्था नफ्यासाठी चालविलेली नसेल व तिची वर्गणी वर्षाला १,००० रुपयांपर्यंतच असेल, तर उद्योगव्यापाराच्या अभिवृद्धीसाठी असलेल्या अशा संस्थेच्या वर्गणीस करातून सूट आहे, हेही ध्यानात असावे.

वर्षारंभाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. बहुतेक संस्थांचे वर्ष एप्रिल ते मार्च असते. एखादा मनुष्य फेब्रुवारीत सभासद झाला व संस्थेने पूर्ण वर्षाची वर्गणी घेतली, तर वरच्या हिशेबाने त्याचे ९,४४० गेले. आणि एप्रिल उजाडताच पुन्हा ५,९०० रुपयांची मागणी आली. तीन महिन्यांत १५,३४० रुपये खर्ची पडले! काही संस्था उशिरा येणाऱ्यास वर्गणीत काटछाट देतात, काही पुढील वर्षाकरिता ती जमा धरतात, काही यांपैकी काहीच करीत नाहीत. जे काय असेल ते आधी विचारून घ्यावे. मोठ्या संस्थांत वर्गणी उलाढालीच्या टप्प्यांवर ठरते. तेव्हा आपण कोणत्या टप्प्यात येतो व त्यासाठी गेल्या वर्षीचा ताळेबंद पाहतात की आपला शब्द चालतो, हेही विचारावे.

शुल्काची फायद्याशी तुलना कशी करावी? पुन्हा आमच्या हळदवाल्यांकडे जाऊ. साध्या प्रमाणपत्रासाठी पुष्कळ ठिकाणी सभासदास एक दर असतो व बिगर सभासदास अधिक दर असतो. म्हणजे सभासद न होताही ते मिळू शकते. समजा, सभासदास २०० व इतरांस ५०० रुपये पडतात. प्रत्येक दाखल्यामागे ३०० रुपये वाचले. ५,००० रुपयांची वर्गणी यातूनच भरून निघावयाची, तर वर्षाला सतरा दाखले घ्यावे लागतील. आमच्या गृहस्थांच्या वर्षाला चार खेपा जातात; त्यांचे १,२०० रुपये वाचले. केवळ दाखल्यासाठी सभासद होणे त्यांना परवडत नाही, हे गणित पोरालाही कळेल.

मग सभासद होऊच नये काय? असे मी म्हणत नाही. कारण संस्थेचे काही फायदे असे असतात की ते एकेकट्याला विकताच येत नाहीत. याचे उदाहरण साताऱ्याचे देतो.

साताऱ्याच्या वसाहतीत माझ्या परिचयाच्या एका तरुणाची छोटी यंत्रशाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग यंत्र, पाच कामगार. पंपांसाठी लागणारे शाफ्ट व बुश तो तयार करून देतो. माल वेळेवर जातो, पण पैसे चार-चार महिने येत नाहीत. कायदा त्याच्या बाजूस आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ सालच्या कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत, करार नसेल तर १५ दिवसांच्या आत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते, आणि सूक्ष्म वा लघु कारखानदाराला राज्य सरकारच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती सरकारकडे विनामूल्य होते, हे मुद्दाम सांगतो, कारण तिच्यासाठी पैसे उकळणारे मध्यस्थ गावोगाव आहेत. आणि नोंदणी माल पाठविण्यापूर्वीच करून ठेवणे हे शहाणपणाचे.

पण कायदा बाजूस असून उपयोग काय? हा तरुण म्हणतो, “काका, मी फिर्याद केली तर पैसे मिळतील, पण पुढची ऑर्डर मिळणार नाही.” येथे एकट्याचे बळ संपते. वसाहतीतील पंधरा जणांचे पैसे एकाच गिऱ्हाइकाकडे अडकले असतील, तर संस्थेने कोणाचेही नाव न घेता त्या कंपनीच्या वरिष्ठांशी बोलावे, हा मार्ग मोकळा असतो. तसेच विजेचे. वीजदर ठरविण्यापूर्वी राज्याचा वीज नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवितो. हरकत कोणालाही घेता येते. परंतु शेकडो पानांचा प्रस्ताव वाचून त्यातील कोणता आकार छोट्या कारखान्याला जाचक आहे हे आकड्यांनिशी मांडणे पाच कामगारांच्या यंत्रशाळेच्या मालकाला शक्य नाही. संस्था ते करू शकते. आणि तिने दर कमी करून घेतले, तर त्याचा लाभ सभासदाला होतो तितकाच शेजारच्या बिगर सभासदालाही होतो.

म्हणूनच अशा कामाचा मोबदला हिशेबात मांडता येत नाही. मांडता येतो तो एवढाच, की संस्था हे काम खरोखर करते की नाही. ते पडताळण्याचा मार्ग सोपा आहे. गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल मागावा. त्यात सत्कारांची व सहलींची छायाचित्रेच अधिक असतील, तर काय ते समजावे. पाणीपट्टी, वीज, थकलेली येणी यांबद्दल कोणाकडे कोणत्या तारखेस निवेदन दिले व त्याचे पुढे काय झाले, हे लिहिलेले असेल, तर ती संस्था काम करणारी आहे. निवेदन फसले तरी हरकत नाही. फसल्याचे लिहिणारी संस्था विश्वासास अधिक पात्र होय.

आता अर्जाविषयी. अर्जाचा नमुना बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. धंद्याचे नाव व प्रकार, मालाचे वर्णन, कामगारसंख्या, उलाढाल ही माहिती भरावयाची. सोबत उद्यम नोंदणीचा दाखला, करनोंदणीचा दाखला, पॅन कार्ड, जागेचा पुरावा आणि भागीदारी असल्यास भागीदारीपत्राची प्रत जोडावयाची. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षेचा परवानाही लागतो. या सर्व कागदांवर नाव व पत्ता एकच आहे ना, हे पाहावे. आमच्या भागात जुने दुकान घराच्या पत्त्यावर व कारखाना वसाहतीत, असे सर्रास असते. त्यामुळे अर्ज परत येतात. पुष्कळ संस्थांत एक सूचक व एक अनुमोदक असे दोन जुने सभासद लागतात. ओळखीचे कोणी नसल्यास कार्यालयात तसे स्पष्ट सांगावे. कार्यवाह दोन सभासदांशी गाठ घालून देतात, आणि ती पहिली ओळखच पुढे कामी येते.

अर्ज दिला म्हणजे सभासद झालो असे नव्हे. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत तो मंजूर व्हावा लागतो, आणि बैठक कदाचित महिन्याने असते. नामंजूर झाल्यास पैसे परत मिळतात काय, हे विचारून ठेवावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न वर्गाचा आहे. आजीव, सामान्य, सहयोगी असे सभासदांचे वर्ग असतात. सहयोगी सभासदाची वर्गणी कमी असते, पण त्याला बहुधा मत नसते. आमचा साताऱ्याचा तरुण स्वस्त म्हणून एका ठिकाणी सहयोगी झाला. सर्वसाधारण सभेत थकलेल्या येण्यांचा प्रश्न मांडावयास उभा राहिला, तेव्हा त्याला कळले की ठराव मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्याची गरज दाखल्यापुरती आहे त्याला हा वर्ग चालेल. ज्याला संस्थेकडून काही करवून घ्यावयाचे आहे त्याने मताचा हक्क असलेलाच वर्ग घ्यावा, व वर्गणी थकवू नये, कारण थकबाकीदाराचे मत पुष्कळ ठिकाणी धरीत नाहीत. हे सर्व संस्थेच्या घटनेत व नियमावलीत लिहिलेले असते. ती पाहावयास मागण्यात संकोच कसला?

गेल्या वर्षी या तरुणाने मला विचारून एका संस्थेला जे पत्र लिहिले, ते येथे वाचून दाखवितो.

“मा. कार्यवाह यांस सविनय नमस्कार, वि. वि. माझी पाच कामगारांची यंत्रशाळा असून उद्यम नोंदणी झालेली आहे. गिऱ्हाइकांकडील येणी चार महिने अडकतात, ही माझी मुख्य अडचण. तरी पुढील गोष्टींचा खुलासा व्हावा. आपली संस्था सभासदांच्या थकलेल्या येण्यांबाबत नाव न घेता प्रयत्न करते काय, व गेल्या वर्षी अशी किती प्रकरणे हाती घेतली? मला कोणत्या वर्गात घेता येईल, व त्यास मताचा हक्क आहे काय? करासह पहिल्या व दुसऱ्या वर्षी किती रक्कम द्यावी लागेल, व वर्ष कधीपासून मोजतात? अर्जास कोणते कागद हवेत, व मंडळाची पुढील बैठक केव्हा? गेल्या वर्षीचा अहवाल व नियमावली पाहावयास मिळावी. कळावे, ही विनंती.”

पत्र एका पानाचे. उत्तर आठ दिवसांत आले, आणि ते पत्रकाच्या भाषेत नव्हते. कार्यवाहांनी लिहिले होते की, येण्यांचा प्रश्न आम्ही अद्याप हाती घेतलेला नाही, पण वसाहतीत त्याबद्दल तक्रारी आहेत. आपण सामान्य सभासद होऊन विषय मांडावा, बैठक अमुक तारखेस आहे. तरुण मला म्हणाला, “काका, हे तर ‘नाही’ असेच उत्तर झाले.” मी म्हटले, “पण खरे उत्तर आहे, आणि तारीख दिली आहे.” तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सभासद झाला. येण्यांसाठी आता तिथे पाच जणांची समिती आहे व तो तिच्यात आहे. एका गिऱ्हाइकाने पैसे दोन महिन्यांवर आणले आहेत. कायद्याच्या ४५ दिवसांपर्यंत ते अजून आलेले नाहीत.

हळदवाल्या गृहस्थांनी मात्र आपली वर्गणी पुढे चालू ठेवली नाही. ते साधा दाखला लागेल तेव्हा बिगर सभासदाच्या दराने घेतात, आणि सवलतीचा दाखला योग्य त्या यंत्रणेकडून. माझ्या वहीत दोघांचेही निर्णय बरोबर आहेत.